क्रेन पडली त्या रात्री विमा कंपनीला काय लिहायचं?



आपल्या एका जुन्या बॅचमधल्या इरेक्शन कॉन्ट्रॅक्टरचा एका गुरुवारी रात्री नऊ वाजता फोन आला. आवाजावरूनच कळलं की काहीतरी मोठं झालंय. चाकणच्या बाजूला एका कारखान्याची शेड उभारायचं काम त्याच्याकडे होतं. दुपारी राफ्टर उचलताना हायड्रा कलंडली आणि बूम थेट उभ्या केलेल्या स्ट्रक्चरवर पडला. एका हेल्परच्या पायाला फ्रॅक्चर, त्याला दवाखान्यात दाखल केलेलं. शेजारच्या प्लॉटची कंपाउंड भिंत पडलेली. तो म्हणाला, "सर, माणूस वाचला, हे नशीब. पण आता विमा कंपनीला पत्र पाठवायचंय. आमच्या प्रोजेक्ट मॅनेजरने लिहिलंय, तुम्हाला व्हॉट्सअॅप करतो. एकदा बघता का?"

तो ओळखू येऊ नये म्हणून साइटचे काही तपशील आणि आकडे मी थोडे बदलले आहेत. पत्राची गोष्ट मात्र जशी घडली तशी सांगतो, कारण इरेक्शन, फॅब्रिकेशन, एसी प्लांट, लिफ्ट बसवणं अशा धंद्यात उतरणाऱ्यांपैकी बहुतेकांनी हे पत्र कधी लिहिलेलंच नसतं. आणि ते लिहायची वेळ येते तेव्हा हात थरथरत असतात.

आधी पॉलिसीबद्दल दोन वाक्यं. इरेक्शन ऑल रिस्क, म्हणजे बोलीभाषेत ईएआर पॉलिसी, ही साइटवर उभारल्या जाणाऱ्या मालासाठी असते. तिचे साधारण दोन भाग असतात. पहिल्या भागात उभारलं जाणारं स्ट्रक्चर किंवा मशिनरीचं नुकसान, दुसऱ्या भागात त्या कामामुळे बाहेरच्या माणसाचं किंवा त्याच्या मालमत्तेचं झालेलं नुकसान. अमुक अमुक कारणांनी झालेलं नुकसान भरू अशी यादी ती देत नाही. अचानक, अनपेक्षित झालेलं नुकसान ती भरते आणि काय भरणार नाही याची यादी देते. या शेवटच्या गोष्टीवरच पत्राचं सगळं गणित उभं आहे.

मॅनेजरचा पहिला मसुदा

मॅनेजर हुशार मुलगा, सिव्हिलचा डिप्लोमा, सात-आठ वर्षं साइटवर काढलेली. त्याने लिहिलं होतं ते साधारण असं: "हायड्रा ऑपरेटरच्या निष्काळजीपणामुळे आज आमच्या साइटवर मोठा अपघात झाला. जमीन कच्ची होती तरी त्याने क्रेन पुढे घेतली. आमचं संपूर्ण स्ट्रक्चर, क्रेन आणि शेजारची भिंत यांचं नुकसान झालं आहे. भिंत आम्ही बांधून देत आहोत. नुकसान अंदाजे 40 लाख आहे. उद्यापासून साइट साफ करून काम पुन्हा सुरू करत आहोत. तरी क्लेम लवकर मंजूर करावा."

वाचायला अगदी प्रामाणिक वाटतं ना? मला पण पहिल्यांदा तसंच वाटलं असतं. पण जवळजवळ प्रत्येक वाक्यात त्याने मालकाचे पैसे घालवायची सोय करून ठेवली होती.

निष्काळजीपणा हा शब्द घ्या. ईएआर पॉलिसीच्या वगळलेल्या गोष्टींमध्ये सहसा एक ओळ असते: विमाधारकाने किंवा त्याच्या जबाबदार प्रतिनिधीने जाणूनबुजून केलेली कृती किंवा जाणूनबुजून केलेला निष्काळजीपणा. साध्या भाषेत, धोका माहीत असूनही "जाऊ दे, बघू" म्हणणं. ऑपरेटरचा हात चुकणं, अंदाज चुकणं हे त्यात येत नाही. अशा चुकांसाठीच तर आपण विमा घेतो. पण मॅनेजर स्वतः लिहितोय की जमीन कच्ची होती तरी क्रेन पुढे घेतली. म्हणजे कुणाला तरी जमीन कच्ची आहे हे माहीत होतं. साधी चूक आणि जाणूनबुजून केलेलं काम यांतली रेघ त्याने स्वतःच पुसून टाकली, तेही अपघात होऊन चार तास झालेले असताना, कुणी नीट चौकशी केलेली नसताना.

मी त्याला फोनवर विचारलं, "तू अपघात होताना तिथे होतास?" तो म्हणाला, "नाही सर, मी ऑफिस कंटेनरमध्ये होतो. आवाज झाला तेव्हा धावत गेलो." मग ऑपरेटर निष्काळजी होता हे त्याला कुणी सांगितलं? रिगरने. आणि रिगरला? त्याने पण फक्त बूम खाली येताना बघितला होता.

इथे माझं मत स्पष्ट आहे आणि काही सल्लागार मित्रांशी माझा यावर वाद आहे. ते म्हणतात, पहिलं पत्रच असं भक्कम करा की कंपनीला प्रश्नच पडू नयेत. कारण, जबाबदारी, रक्कम, सगळं एकदम द्या. मी म्हणतो, पहिल्या पत्रात कारण लिहायचंच नाही. लपवायचं म्हणून नाही. तुम्हाला ते अजून माहीत नसतं म्हणून. पहिल्या पत्राचं काम एवढंच की कंपनीला घटना कळली पाहिजे आणि तिचा माणूस येऊन बघू शकला पाहिजे. कारण सांगायला पुढे सर्व्हेअर येणारच आहे, क्लेम फॉर्म भरायचाच आहे, जबाब व्हायचेच आहेत. तेव्हा पूर्ण आणि खरं सांगायचं. पण रात्री नऊ वाजता रिगरच्या ऐकीव माहितीवर लिहिलेलं वाक्य एकदा मेलवर गेलं की ते तुमचं अधिकृत म्हणणं होतं. महिन्याभराने वेगळं कारण निघालं तर तुम्ही जबाब बदलला, असं दिसतं.

क्रेनचे पैसे कुठून येणार?

मसुद्यात दुसरी गडबड होती ती 40 लाखांची. त्याने क्रेनची किंमतही त्यात धरली होती. हे मी खूप ठिकाणी बघतो. क्रेन आपल्या साइटवर पडली म्हणजे ती आपल्या पॉलिसीत आली, असा समज असतो.

ईएआर पॉलिसी उभारल्या जाणाऱ्या मालासाठी असते, उभारणाऱ्या यंत्रासाठी नाही. क्रेन, विंच, वेल्डिंग मशीन ही साधनं त्यात तेव्हाच येतात, जेव्हा शेड्यूलमध्ये त्यांची वेगळी नोंद आणि वेगळी रक्कम असते. या कॉन्ट्रॅक्टरच्या शेड्यूलमध्ये तशी नोंद नव्हती. क्रेन भाड्याची होती, त्यामुळे तिचं नुकसान क्रेनमालकाच्या स्वतःच्या पॉलिसीखाली जाणार. तिथेही एक खाच आहे. हायड्रा रस्त्यावरून चालते म्हणून बरेच मालक फक्त वाहन विमा काढतात. पण क्रेन म्हणून माल उचलताना ती उलटली, तर साध्या वाहन विम्यात ते नुकसान सहसा धरत नाहीत, त्यासाठी जादा प्रीमियम भरून उलटण्याचं कव्हर घ्यावं लागतं. म्हणून क्रेन भाड्याने घेताना ऑपरेटरचं लायसन्स आणि क्रेनचं टेस्ट सर्टिफिकेट बघता, तशी विम्याची प्रतही मागून घ्या. ते कव्हर नसेल तर क्रेनमालक पैशांसाठी कुणाकडे बघेल? तुमच्याकडेच.

जखमी हेल्परचंही तसंच. तो कॉन्ट्रॅक्टरचा कामगार, त्यामुळे तो ईएआरच्या दुसऱ्या भागातला बाहेरचा माणूस होत नाही. त्याचा खर्च आणि भरपाई कामगार भरपाईच्या पॉलिसीखाली किंवा ईएसआयखाली. तिकडे वेगळी सूचना द्यायची. पोलीस आणि कामगार खात्याची कागदपत्रं आणखी वेगळी, आणि ती विम्यासाठी थांबत नाहीत.

शेजारची भिंत मात्र या पॉलिसीत होती, दुसऱ्या भागात. आणि तिथेच मॅनेजरने "आम्ही बांधून देत आहोत" असं लिहिलं होतं. त्याने शेजाऱ्याच्या सिक्युरिटीवाल्यालाही तोंडी तसं सांगून टाकलं होतं. माणूस म्हणून ठीक आहे, शेजारधर्म आहे. पण या पॉलिसींमध्ये अट असते की कंपनीच्या संमतीशिवाय विमाधारकाने जबाबदारी कबूल करायची नाही, काही देऊ करायचं नाही. त्यामुळे आधी वचन आणि मग क्लेम, असं केलं तर कंपनी म्हणू शकते की वचन तुम्ही दिलंत, तुम्हीच निभवा. शेजाऱ्याला एवढंच सांगायचं: "नुकसान आम्ही बघितलंय, विमा कंपनीला कळवतोय, तुमचा अर्ज लेखी द्या, आम्ही तो पुढे पाठवतो."

मग पत्र कसं गेलं

त्या रात्री आम्ही फोनवर बसून दुसरं पत्र लिहिलं. सव्वादहाला ते पॉलिसीवर छापलेल्या क्लेमच्या मेल आयडीवर गेलं. एजंटला फक्त प्रत. हे मुद्दाम सांगतो, कारण "एजंटला फोन केलाय, तो बघेल" हे वाक्य मी फार ऐकलंय. एजंटला सांगणं म्हणजे कंपनीला सांगणं, असं धरून चालू नका. मेल पाठवल्यावर टोल फ्री नंबरवर फोन करून त्याने क्लेमचा नोंदणी क्रमांक घेतला आणि तो त्याच मेलला उत्तर म्हणून लिहून ठेवला. पत्र असं होतं:

> विषय: ईएआर पॉलिसी क्रमांक ......, नुकसानीची पहिली सूचना
>
> महोदय,
>
> वरील पॉलिसीखालील आमच्या साइटवर आज, गुरुवारी, दुपारी सुमारे 4.40 वाजता राफ्टर उचलण्याचं काम चालू असताना भाड्याने घेतलेली क्रेन डाव्या बाजूला कलंडली आणि तिचा बूम उभ्या केलेल्या स्ट्रक्चरवर पडला.
>
> प्राथमिक पाहणीत दिसलेलं नुकसान: ग्रिड 3 आणि 4 वरचे राफ्टर वाकले आहेत. दोन कॉलम तिरके झाले असून त्यांचे अँकर बोल्ट वाकले आहेत. उचलला जात असलेला राफ्टर आणि खाली रचलेल्या छताच्या पत्र्यांचंही नुकसान झालं आहे. शेजारच्या प्लॉटच्या कंपाउंड भिंतीचा सुमारे 6 मीटर भाग पडला आहे.
>
> एक कामगार जखमी असून त्याच्यावर उपचार चालू आहेत. त्याची सूचना संबंधित पॉलिसीखाली स्वतंत्रपणे देत आहोत.
>
> अपघाताचं कारण अद्याप निश्चित झालेलं नाही. चौकशी चालू आहे.
>
> स्ट्रक्चर आणि साहित्याच्या नुकसानीचा आजचा ढोबळ अंदाज 14 ते 18 लाख रुपये आहे. मोजमापानंतर तो बदलू शकतो. भिंतीचा अंदाज यात धरलेला नाही.
>
> काम थांबवलं आहे. तिरके झालेले दोन कॉलम पडून आणखी नुकसान होऊ नये म्हणून ते आज रात्री वायर रोपने बांधत आहोत. बाकी काहीही हलवलेलं नाही. कृपया सर्व्हेअर तातडीने पाठवावा. क्रेनमुळे गेट अडलं असल्याने फोटो आणि मोजमापं घेऊन ती उद्या दुपारी 12 नंतर हलवावी लागेल. आपली काही सूचना असल्यास त्याआधी कळवावी.
>
> सोबत 11 फोटो. साइटवरचा संपर्क: प्रोजेक्ट मॅनेजर, मोबाइल ......
>
> ही प्राथमिक सूचना आहे. पुढील माहिती मिळेल तशी कळवू.

एवढंच. पानभर पण नाही.

यातली दोन वाक्यं जरा थांबून बघा. एक, कॉलम बांधण्याचं. पॉलिसी तुमच्याकडून एकाच वेळी दोन गोष्टी मागते. नुकसान वाढू नये म्हणून हवं ते करा, आणि नुकसान झालेल्या वस्तू सर्व्हेअर बघेपर्यंत तशाच ठेवा. साइटवर या दोन गोष्टी भांडतात. तिरका कॉलम तसाच ठेवला आणि रात्री वाऱ्याने पडला, तर "सांभाळलं का नाही?" हलवला तर "पुरावा का बिघडवला?" यावर उपाय म्हणजे करायचं ते करा, पण करण्याआधी फोटो काढा आणि काय करताय, का करताय हे लिहून कळवा. दुसरं, क्रेन हलवण्याची वेळ. तिथे परवानगीची भीक मागितलेली नाही आणि परस्पर क्रेन उचललेलीही नाही. वेळ दिली, कारण दिलं, बोलायची संधी दिली. सर्व्हेअर दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहालाच आला.

वेळेबद्दल थोडं. ईएआर पॉलिसीच्या प्रचलित अटींमध्ये लिहिलेलं असतं की नुकसान झाल्यावर ताबडतोब फोनने आणि लेखी कळवा, आणि घटनेपासून 14 दिवसांत सूचना मिळाली नाही तर कंपनी जबाबदार नाही. तुमच्या पॉलिसीतला आकडा तुम्ही स्वतः वाचा. विमा नियामकाने 20 सप्टेंबर 2011 च्या परिपत्रकात कंपन्यांना सांगितलंय की टाळता न आलेल्या कारणाने उशीर झाला असेल, तर केवळ उशिरावर बोट ठेवून खरा क्लेम नाकारू नका. पण हे छत्री फाटल्यावर आडोशाला उभं राहण्यासारखं आहे. बाराव्या दिवशी सूचना दिली आणि तोवर साइट साफ झालेली असेल, तर सर्व्हेअर बघणार काय? मुदत 14 दिवसांची असली तरी पुरावा साइटवर 14 तासही टिकत नाही.

चर, दोन प्लेटा आणि एक मेसेज

आता या प्रकरणातला सगळ्यात अवघड भाग. रात्री अकरा वाजता मॅनेजरने मला परत फोन केला. आवाज अगदी खाली. "सर, एक गोष्ट सांगायची राहिली. सकाळी सिव्हिलच्या सुपरवायझरचा ग्रुपवर मेसेज आला होता, गेटजवळच्या चरात कालच मुरूम भरलाय, रोलिंग झालेलं नाही. हायड्रा तिथेच कलंडली. तो मेसेज मी डिलीट करू का?"

मी म्हणालो, "अजिबात नाही. आणि मेसेज आल्यावर तू काय केलंस ते आधी सांग."

त्याने दोन स्टीलच्या प्लेटा चरावर टाकायला लावल्या होत्या. ग्रुपवरच उत्तर दिलं होतं, "प्लेट टाकतोय." साडेदहाला प्लेटा टाकल्याचा फोटोही होता. दिवसभर क्रेन त्यावरून चार वेळा गेली. पाचव्या वेळी राफ्टर घेऊन वळताना पुढचं डावं चाक प्लेटच्या कडेवरून उतरलं आणि मुरमात रुतलं. या हायड्राला माल पुढे लटकतो आणि ती कंबरेतून वळते. वळलेल्या अवस्थेत एका बाजूची जमीन खचली की ती सावरत नाही. वजनाचा प्रश्न नव्हता. क्रेन 14 टनाची आणि राफ्टर जेमतेम एक टनाचा. अर्थात 14 टन हा आकडा बूम अगदी जवळ असतानाचा, बूम लांब गेला की क्षमता झपाट्याने कमी होते. म्हणून लोड चार्टवर त्या अंतराची क्षमता बघावी लागली. तिथेही भरपूर वाव निघाला.

म्हणजे ज्या मेसेजची त्याला भीती वाटत होती, तोच त्याच्या बाजूचा पुरावा होता. धोका कळला, त्यावर उपाय केला, तरी अपघात झाला. याला जाणूनबुजून केलेला निष्काळजीपणा म्हणत नाहीत. त्याने स्वतःच्या मोबाइलमधून डिलीट केला असता तरी सुपरवायझरच्या मोबाइलमध्ये तो मेसेज राहिला असता. शिवाय पुरावा नष्ट केला, ते वेगळंच.

पण याची दुसरी बाजू पण प्रामाणिकपणे सांगतो. मेसेज आला असता आणि त्याने काहीच केलं नसतं, वर "चालू द्या, संध्याकाळपर्यंत दोन फ्रेम व्हायला पाहिजेत" असं लिहिलं असतं, तर कुठलंही पत्र त्याला वाचवू शकलं नसतं. पत्राने क्लेम बिघडू शकतो. नसलेला क्लेम पत्राने तयार होत नाही.

त्या रात्री मी त्याला अजून एक काम सांगितलं. चाक रुतलेल्या खड्ड्याची खोली टेपने मोजून फोटो काढ, प्लेटा आहेत तिथेच राहू देत, आणि तिथे टेप लावून माणूस उभा कर. सकाळी सात वाजता मालकाच्या जेसीबीवाल्याने खरंच तो खड्डा बुजवायला सुरुवात केली होती. उभा केलेल्या माणसाने अडवलं.

"आपसात मिटवू"

शुक्रवारी दुपारी क्रेनमालक आला. सोबत शंभराचा स्टॅम्प पेपर. म्हणाला, "शेठ, तुमचं पण नुकसान, माझं पण नुकसान. मी दोन लाख देतो. एकमेकांवर काही दावा नाही असं लिहू आणि विषय संपवू." कॉन्ट्रॅक्टरला ते पटलं होतं. रोख दोन लाख समोर, त्यात मालकाची तगादा लावणारी माणसं.

हा सह्यांचा कागद सगळ्यात महाग पडतो. कंपनी तुमचं नुकसान भरते तेव्हा ज्याच्यामुळे नुकसान झालं त्याच्याकडून वसूल करण्याचा तुमचा हक्क तिच्याकडे जातो. आणि तो हक्क शाबूत ठेवायची जबाबदारी पॉलिसीने तुमच्यावर टाकलेली असते. दोन लाखांसाठी तुम्ही तो हक्क सोडून दिला तर कंपनी विचारणार, आमच्या वसुलीचा रस्ता तुम्ही कुणाला विचारून बंद केला? त्याने सही केली नाही. क्रेनमालकाला नुकसानीची लेखी नोटीस दिली, हक्क राखून ठेवला, आणि त्याची प्रत विमा कंपनीला पाठवली. क्रेनमालक चिडला. अजूनही बोलत नाही म्हणे.

शेवटी हातात किती आले?

सर्व्हेअर म्हणजे कंपनीचा नोकर नव्हे. तो नियामकाचा परवाना असलेला स्वतंत्र माणूस असतो, जरी त्याची फी कंपनी देते. हा सर्व्हेअर तीन वेळा आला. वाकलेल्या प्रत्येक नगावर मॅनेजरने ड्रॉइंगमधला मार्क नंबर ऑइल पेंटने लिहून ठेवला होता, त्यामुळे कुठला नग दुरुस्त होणार आणि कुठला बदलायचा यावर फारसा वाद झाला नाही. भंगारही विकलं नव्हतं. स्ट्रक्चरचं नुकसान 16 लाख ठरलं, म्हणजे पहिल्या पत्रातल्या 14 ते 18 लाखांच्या मधोमध. तिथे 40 लिहिलं असतं तर सुरुवातच संशयाने झाली असती, आणि 5 लिहिलं असतं तर नंतर 16 मागताना तोंड लपवावं लागलं असतं.

16 मधून भंगाराचे 1 लाख वजा, राहिले 15. आणि इथे त्याला फटका बसला. पॉलिसी काढताना त्याने विम्याची रक्कम फक्त स्टीलच्या बिलावरून धरली होती, 1 कोटी 20 लाख. पत्रे, वाहतूक आणि उभारणीची मजुरी धरली तर पूर्ण कामाची किंमत 1 कोटी 60 लाख होती. म्हणजे विमा पाऊणच, मग भरपाई पण पाऊणच. 15 चे झाले सव्वा अकरा. त्यातून पॉलिसीप्रमाणे स्वतः सोसायचे 1 लाख गेले. हातात आले 10 लाख 25 हजार, पाच महिन्यांनी. पूर्ण रकमेचा विमा असता तर 14 लाख आले असते. प्रीमियममध्ये वाचवलेले पैसे यापुढे किती किरकोळ होते हे त्याने मला सांगितलं नाही, मी पण विचारलं नाही.

भिंतीचा क्लेम वेगळा चालला आणि तो लवकर मिटला, कारण शेजाऱ्याने अर्ज आणि बिल दोन्ही नीट दिलं. हेल्पर तीन महिन्यांनी कामावर परत आला, आता स्टोअर सांभाळतो.

मागच्या महिन्यात मी त्याच्या नव्या साइटवर गेलो होतो. कंटेनरमध्ये आत शिरलं की उजव्या हाताला भिंतीवर पॉलिसीचं शेड्यूल लॅमिनेट करून लावलंय. त्यात विमाधारक म्हणून मूळ मालक, मुख्य कॉन्ट्रॅक्टर आणि याचं नाव, तिन्ही आहेत. ते त्याने आधी तपासून घेतलं, कारण या वेळी तो सब-कॉन्ट्रॅक्टर आहे आणि पॉलिसी दुसऱ्याने काढलेली आहे. खाली क्लेमचा मेल आयडी आणि टोल फ्री नंबर मार्करने मोठा लिहिलाय. मॅनेजर तोच आहे. मी विचारलं, "क्रेन कुठली घेतलीस?" त्याने फाइल उघडून आधी क्रेनच्या विम्याची प्रत दाखवली, उलटण्याच्या कव्हरच्या ओळीवर पिवळा हायलायटर मारलेली.